सुटलेले 56 रोजे: कझा किती, फिदया किती? शाफई आणि हनफी हिशोब

खाडीपल्याड

सर्वांना सलाम. माझं माहेर कोकणातलं, शाफई. सासर मिरजेकडचं, हनफी. माझे तीन रमजानमधले रोजे राहिलेत आणि दोन्ही घरांतून दोन वेगळी उत्तरं मिळतायत. सगळं वहीत लिहून ठेवलंय, तसंच इथे देते.

2023 चा रमजान (24 मार्च ते 21 एप्रिल, 29 रोजे): सातवा महिना होता. पहिले 12 दिवस मलाच उलट्या आणि चक्कर, उभं राहवत नव्हतं. नंतर मी बरी झाले, पण बाळाची वाढ कमी आहे आणि गर्भजल कमी आहे म्हणून डॉक्टरांनी रोजे धरू नका सांगितलं. ते 17 दिवस. म्हणजे पूर्ण 29 सुटले. बाळ जूनमध्ये झालं.

2024 (12 मार्च ते 10 एप्रिल, 30 रोजे): बाळ नऊ महिन्यांचं, अंगावर पिणारं. पहिले 10 धरले. दूध कमी झालं, बाळ रात्रभर रडायला लागलं. उरलेले 20 सोडले.

नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस दूध तोडलं.

2025 (2 ते 30 मार्च, 29 रोजे): पाळीचे 7 सुटले, बाकी सगळे झाले.

आज नोव्हेंबर 2025 संपत आला, यातला एकही भरलेला नाही. सासरचे म्हणतात 56 रोजे धर, विषय संपला. आई म्हणते तांदूळही द्यावे लागतील. किती, कोणाला, कसे?

सरळसाधा

ताई, माझ्या माहितीप्रमाणे रमजानचा रोजा सोडला की एका रोजामागे 60 रोजे सलग किंवा 60 गरिबांना जेवण. 56 रोजांचं गणित फार मोठं होईल. स्थानिक आलिमांना भेटून काहीतरी तोडगा काढा.

मापाडी

सरळसाधा, हे आधी दुरुस्त करायला हवं, नाहीतर ताईंची झोप उडेल. तुम्ही म्हणता तो कफ्फारा. तो धरलेला रोजा जाणूनबुजून मोडण्याचा दंड आहे. शाफई मजहबात तर तो एकाच कारणाने लागतो: रमजानमध्ये दिवसा रोजा असताना पती-पत्नीचा संबंध. तोही नवऱ्यावरच. हनफी फुकहा, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, त्यात मुद्दाम खाणं-पिणंही धरतात आणि बायको राजी असेल तर तिच्यावरही लावतात. उजर, म्हणजे मान्य असलेली अडचण, असल्यामुळे जो रोजा धरलाच नाही, त्याला चारही मजहबांत कफ्फारा नाही.

आता ताईंचा हिशोब. कझा, म्हणजे सुटलेले रोजे नंतर भरून काढणं, दोन्हीकडे सारखी: 29 अधिक 20 अधिक 7, एकूण 56. सलग धरायची गरज नाही. फरक फक्त फिदयात, म्हणजे रोजामागे गरिबाला द्यायच्या धान्यात आहे, आणि शाफई हिशोबात ती दोन वेगळ्या कारणांनी येते. ही दोन कारणं एकत्र कालवली की गोंधळ होतो.

पहिलं कारण, भीती कोणासाठी होती. गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या तब्येतीची भीती असेल तर ती आजाऱ्यासारखी: फक्त कझा. स्वतःची आणि बाळाची दोन्ही असेल तरी फक्त कझा. स्वतः ठीक आहे आणि भीती निव्वळ बाळासाठी आहे, तर कझा आणि वर रोज एक मुद धान्य. म्हणून तुमच्या 2023 च्या पहिल्या 12 दिवसांना फिदया नाही. पुढच्या 17 ना आहे. 2024 च्या 20 दिवसांनाही आहे. झाले 37 मुद.

पाळीच्या 7 दिवसांना काही नाही. त्या दिवसांत रोजा धरणंच मना आहे, त्यामुळे फक्त भरून काढायचे.

दुसरं कारण उशीर. मागचे रोजे भरायला वेळ आणि ताकद होती, तरी पुढचा रमजान येऊ दिला, तर शाफई मतानुसार प्रत्येक राहिलेल्या रोजामागे आणखी एक मुद. उजर सतत चालूच असेल तर नाही. तुमचे 2023 चे रोजे 2024 च्या रमजानआधी राहिले, पण मध्ये बाळंतपण आणि दूध पाजणं होतं, म्हणून तो उशीर माफ. डिसेंबर 2024 पासून मात्र उजर संपला. 1 डिसेंबर ते 1 मार्च म्हणजे 91 दिवस. पाळीचे वीस-एकवीस वजा केले तरी 70 उरतात आणि तेव्हा बाकी होती 49 रोजांची. मावत होते, धरले नाहीत. म्हणून 49 मुद.

37 आणि 49, एकूण 86 मुद. दोन्ही कारणं एकाच रोजाला लागू झाली तर त्या रोजाचे दोन मुद होतात, एकात एक जिरत नाही.

दूध जानेवारीअखेर तोडलं असतं तर चित्र वेगळं असतं. फेब्रुवारीत पाळी सोडून बावीसेक दिवस हाती आले असते, आणि उशिराचा मुदही तेवढ्याच रोजांना लागला असता.

मिरजेची वाट

मापाडींनी शाफई बाजू नीट मांडली. सासरचं म्हणणंही आळसातून आलेलं नाही, त्यामागे युक्तिवाद आहे, म्हणून लिहितो.

हनफी फुकहांच्या मते फिदया मुळात एकाच प्रकारच्या माणसासाठी आली: जो अतिवृद्ध आहे, किंवा ज्याचा आजार आता बरा होण्याची आशाच नाही. रोजाच्या बदल्यात धान्य हे तर्काने काढता येत नाही, ते हुकूम म्हणून आलंय, त्यामुळे ते जिथे आलंय तिथेच ठेवायचं. म्हाताऱ्यावर रोजा फर्ज होता आणि मग तो असमर्थ झाला, म्हणून बदला. बाळावर तर रोजा फर्जच नाही. मग बाळाच्या कारणाने सुटलेल्या रोजाला म्हाताऱ्याचा नियम कसा लावणार? हनफी ग्रंथ हिदायाचे लेखक मरगीनानी (मृत्यू 1197) यांनी हा मुद्दा शाफईंचं नाव घेऊनच मांडलाय.

उशिराचंही तसंच. कुरआनात "दुसऱ्या दिवसांत तेवढी संख्या" असं आलंय, मुदत घातलेली नाही. म्हणून कितीही वर्षं गेली तरी हनफी हिशोबात कझाच, वर दंड नाही. लवकर भरणं चांगलं, हे वेगळं.

थोडक्यात 56 रोजे, शून्य धान्य. सासरचे बरोबर आहेत, त्यांच्या मजहबापुरते.

पानथळ

इब्न अब्बास आणि इब्न उमर (रजि.) यांचं मत कोणी सांगितलं नाही. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईने फक्त फिदया द्यावी, कझाच नाही, असं त्यांच्याकडून आलंय. मग 56 चे थेट 7 उरतात.

मापाडी

रिवायत आहे, खरं आहे. पण चारही मजहबांच्या फुकहांनी ते मत कायम केलं नाही, कझा सगळ्यांनी ठेवली. इमाम मालिक यांनीही गरोदर बाईला फक्त कझा आणि दूध पाजणारीला कझा व फिदया सांगितली. ताई सुदृढ आहेत, रोजे धरू शकतात, आणि प्रश्न शाफई-हनफी हिशोबाचा आहे. ते मत घेऊन 49 रोजे पुसून टाकणं मला पटत नाही.

दवाखाना

मी वैद्यकीय बाजूने एक शंका काढतो. गर्भजल कमी असताना आम्ही "उपाशी, तहानलेलं राहू नका" म्हणतो, तेव्हा आई आणि बाळ वेगळे काढता येत नाहीत. आईच्या शरीरातलं पाणी घटणं हाच चिंतेचा भाग असतो. मग ते 17 दिवस "फक्त बाळासाठी" कसे?

आणि दुसरं, अशा वेळी चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलं तर लोकांना पुढे उपयोग होतो?

मापाडी

डॉक्टर, शंका अगदी नेमकी आहे. तेव्हा डॉक्टरांनी "तुम्हालाही धोका आहे" असं म्हटलं असेल, तर ते 17 दिवस दोघांच्या भीतीत जातात, फिदया उडते आणि एकूण 86 चे 69 मुद होतात. पण ताईंनी लिहिलंय की त्या बऱ्या झाल्या होत्या. फुकहा भीती मोजतात ती त्या वेळची. स्वतःचा अनुभव किंवा विश्वासू, जाणकार वैद्याचं सांगणं, यातून नुकसान होईल अशी दाट शक्यता वाटणं. आज मागे वळून शास्त्र काय म्हणतं ते तितकं महत्त्वाचं नाही. ताईंनीच आठवून ठरवावं. आठवत नसेल तर मी 86 धरेन, कारण 17 मुद जास्त गेले तर गरिबाच्या घरात जातील.

चिठ्ठीवर "रोजे टाळावेत" एवढंच लिहू नका. कोणाला धोका, आईला की बाळाला की दोघांना, आणि साधारण किती दिवस, एवढं लिहिलंत तर पुरे.

घाटरस्ता

मी रत्नागिरी-मुंबई ट्रक चालवतो. आठवड्यात चार दिवस रस्त्यावर. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये गाडीवरचे रोजे सोडतो. एका रोजामागे एका माणसाला जेवण देतो. म्हणजे माझं बरोबर चाललंय ना?

मिरजेची वाट

भाऊ, नाही. प्रवाशाला सवलत आहे ती पुढे ढकलण्याची. बदल्यात जेवण देऊन मोकळं होण्याची नाही. तुम्ही दिलेलं जेवण सदका म्हणून राहील, पण ते रोजे अजून तुमच्या नावावर आहेत. जितके सोडलेत तितके मोजून धरा.

मापाडी

घाटरस्ता, तुम्ही शाफई असाल तर आणखी दोन गोष्टी. ज्या दिवशी सोडायचा, त्या दिवशी सुबह सादिकच्या आधी गावाची हद्द ओलांडलेली हवी. पहाटे घरी असताना रोजा सुरू झाला आणि आठ वाजता गाडी काढली, तर तो दिवस सुटत नाही. हनफींकडेही निघण्याआधी सुरू झालेला दिवस पुराच करायचा असतो.

दुसरं म्हणजे जो कायमच प्रवासात असतो आणि ज्याला कझा भरायला दिवसच मिळणार नाही, त्याने प्रवासाच्या नावाने रोजे सोडू नयेत असं तकीउद्दीन सुबकी (मृत्यू 1355) म्हणतात, नाहीतर फर्ज कायमचाच गळेल. नंतरच्या सगळ्या शाफई फुकहांनी ते जसंच्या तसं घेतलेलं नाही. तुम्हाला आठवड्यात तीन दिवस घर मिळतं, म्हणून तुम्ही त्यात बसत नाही. पण तेच तीन दिवस तुमची कझाची जागा आहेत. ते वापरले नाहीत आणि पुढचा रमजान आला, तर उशिराचा मुद तुम्हालाही लागेल.

घाटरस्ता

समजलं. दोन वर्षांचे मोजायला घेतो.

खाडीपल्याड

सर्वांचे आभार. मी माहेरच्या मजहबावरच चालते, तेव्हा तांदूळ द्यायचे ठरवते. पण मुद म्हणजे किती? आणि त्याऐवजी पैसे, किंवा मशिदीत एक दिवस पुलाव वाटला तर?

मापाडी

मुद हे माप आहे, वजन नाही. मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही तळहातांची भरलेली ओंजळ, आणि चार मुदांचा एक साअ. वजनात उतरवताना धान्याप्रमाणे आणि माप कोणतं मानलं त्याप्रमाणे आकडा बदलतो: अर्धा किलोच्या थोडं वरपासून पाऊण किलोपर्यंत सांगितलं जातं. मी पाऊण किलो धरतो, म्हणजे कमी पडण्याची शंका राहत नाही. 86 मुदांचे साडेचौसष्ट किलो.

धान्य गावात जे मुख्य खाणं आहे ते. कोकणात तांदूळ. स्वच्छ, न किडलेला, कच्चा. शाफई मजहबात पीठ चालत नाही, शिजवलेलं चालत नाही आणि पैसेही चालत नाहीत. पुलाव वाटणं इथेच चुकतं: किती जणांनी किती खाल्लं, त्यात गरीब किती होते, कोणाच्या हाती एक मुद मालकीने गेला, काहीच कळत नाही. मशिदीच्या बांधकामाला, मदरशाच्या इमारतीला दिलं तरी फिदया होत नाही. ती फक्त गरीब आणि गरजू माणसाच्या हातात जाते.

एका माणसाला अनेक मुद देता येतात. एक मुद दोघांत फोडायचा नाही. म्हणजे चार कुटुंबं निवडून प्रत्येकी 15 किलोची गोणी दिली तर 80 मुद झाले, उरलेल्या 6 मुदांचे साडेचार किलो पाचव्या घरी. तांदूळ बाजूला काढताना किंवा देताना मनात फिदयाची नियत हवी. नुसतीच मदत म्हणून दिलेलं नंतर फिदयात मोजता येत नाही.

मिरजेची वाट

पैशांबद्दल: हनफींकडे किंमत देता येते, आणि शहरात राहणारे बरेच शाफईही आता तसंच देतात. पण मग मापही हनफी घ्यायला हवं असं माझं म्हणणं. हनफी फिदया अर्धा साअ गव्हाची, आणि त्यांचा साअही मोठा आहे. हिंदुस्थानी उलमांच्या जुन्या हिशोबात तो पावणेदोन शेर, म्हणजे साधारण 1.633 किलो गहू. काहीजण 2 किलोच्या वर धरतात. माप शाफईंचं लहान घ्यायचं आणि सवलत हनफींची पैशाची घ्यायची, तर ते दोन्हीकडे बसत नाही.

पानथळ

पण हनफी मतात ताईंवर फिदयाच नाही. मग पैसे देताना हनफी माप लावण्याला अर्थ काय? ज्यांच्या मते देणंच नाही, त्यांच्या मापाने द्यायचं?

मिरजेची वाट

फिदया लागते की नाही हा एक मसला आणि फिदया कशाने फिटते हा दुसरा. पहिल्यात त्या शाफई आहेत. दुसऱ्यात हनफींकडे आल्या तर तो मसला पूर्ण घ्यावा, मापासकट.

मापाडी

यावर मीही ठाम बोलणार नाही, दोन्ही बाजूंनी बोलणारे जाणकार पाहिलेत. ताईंना हा पेच टाळता येतो, कारण तांदूळ सहज मिळतो. तांदूळच द्या.

पानथळ

माझी एक हरकत मात्र राहते. 2024 च्या रमजानआधीचा उशीर मापाडींनी सरसकट माफ केला. मार्च 2024 मध्ये बाळ नऊ महिन्यांचं होतं, म्हणजे डिसेंबरपासून ते वरचं खायला लागलं असणार. तेव्हा रोजे धरता आले असते, तर 2023 च्या 29 रोजांना उशिराचा आणखी एक मुद लागतो. 86 चे 115 होतात.

मापाडी

हिशोब बरोबर आहे. शाफई इमाम नववी (मृत्यू 1277) यांच्या मते वर्षं वाढली तशी फिदयाही वाढते, त्यामुळे तो मुद वेगळा मोजला जाईल. पण दूध पाजणं हा उजर बाळाच्या वयावर नाही, नुकसानीवर ठरतो. ताईंनी मार्चमध्ये 10 रोजे धरून पाहिले आणि दूध घटलं. तीन महिने आधी, बाळ अंगावर जास्त अवलंबून असताना, तेच झालं असतं असं मानायला जागा आहे.

दवाखाना

तिथे थोडा फरक आहे. 10 दिवस सलग आणि आठवड्यातून एक दिवस, यात शरीराला भरून यायला वेळ मिळतो. सुटा रोजा धरून दूध घटलंच असतं असं मी सांगू शकणार नाही. काहींचं घटतं, काहींचं नाही. रात्री भरपूर पाणी आणि जेवण घेतलं तर बऱ्याच जणींचं टिकतं.

पानथळ

हेच म्हणतोय. कझा सलग धरायची नसतेच.

खाडीपल्याड

खरं सांगायचं तर तेव्हा मी सुटा रोजा धरून पाहिलाच नाही. सुचलंच नाही.

मापाडी

मग हे तुमच्यावर. तेव्हा नुकसानीची खरी भीती होती की विचारच केला नाही, हे तुम्हालाच ठाऊक. भीती होती तर 86. नव्हती तर पानथळ म्हणतात ते 115, म्हणजे सव्वा शहाऐंशी किलो तांदूळ. मी सवलतीकडे झुकतो, पानथळ सावधगिरीकडे.

आता घाई आहे ती रोजांची. पुढचा रमजान 18-19 फेब्रुवारी 2026 च्या सुमारास येतोय, एखादा दिवस चंद्रावर. 1 डिसेंबरपासून धरलंत तर जेमतेम 80 दिवस. पाळीचे 21 वजा केले तर 59. रोजे 56. तीनच दिवस मोकळे. यात आजारपण आलं तर जितके उजराने राहतील, त्यांना नवा मुद नाही. टाळून राहिले तर 2025 चे 7 धरून प्रत्येकाला एकेक.

महिने सोयीचे आहेत. मुंबई-कोकणात डिसेंबरचा रोजा सुमारे सव्वाबारा तासांचा असतो, जूनमध्ये तोच साडेचौदा तासांचा होतो.

मिरजेची वाट

एक चूक सासरी हमखास होईल, ती आधीच सांगतो. आमच्याकडे चालू रमजानच्या रोजाची नियत सकाळी, दुपार व्हायच्या बऱ्याच आधीपर्यंत केली तरी चालते. कझाला ती सूट नाही, हनफींकडेही नाही. सहरीला जाग आली नाही, आठ वाजता उठून "काही खाल्लं नाही, आज कझाच धरते" म्हटलं, तर तो नफल होईल आणि 56 तसेच राहतील. झोपण्याआधीच उद्याच्या कझाची नियत करून ठेवा. मग सहरी चुकली तरी रोजा होतो.

मापाडी

शाफईंकडे तर रमजानच्या रोजालाही रात्रीचीच नियत लागते, रोजच्या रोज. आणि वहीत रोजाच्या पुढे कोणत्या रमजानचा ते लिहून खूण करा. 2023 च्या रोजांत 12 आणि 17 असे दोन गट वेगळे ठेवा. पहिल्या गटाला एक मुद, दुसऱ्याला दोन.

खाडीपल्याड

वहीत रकाने पाडलेत. 1 डिसेंबरला सोमवार आहे, त्या दिवसापासून सुरू करते. 2024 च्या आधीच्या त्या 29 मुदांचं आईशी बोलून ठरवते. बाळ तेव्हा काय खात होतं ते तिला माझ्यापेक्षा नीट आठवतं.